घरी बॉम्ब, कचेरीत जिना

कॉलेजात तिला तोंडावर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे कात्री. दोन्ही पात्यांनी कापते म्हणून. तर्कशास्त्र शिकवायची, आणि वादाला कुठलीही बाजू द्या, बाईंचं काही अडत नसे. फाशी असावी म्हणा, नसावी म्हणा. सकाळी एक सिद्ध करून दाखवील, जेवण झाल्यावर दुसरी. तुमचं खरं मत काय, असं एकदा कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाली, "मत कशाला लागतंय? मतं न्हाव्याच्या दुकानातही मिळतात." लग्न केलं नाही. आई आणि धाकटा भाऊ यांच्यासोबत पोलीस क्वार्टर्समध्ये राहायची, कारण भाऊ पोलिसात साहेब होता आणि क्वार्टर त्याच्या नावावर होतं.

हा भाऊ लहानपणापासून टाळ्यांचा भुकेला. पाहुणे आले की एक कविता म्हणायचा, आणि पाहुण्यांनी टाळी वाजवली की आणखी तीन. पाहुणे दाराशी जाऊन चपला घालू लागले तरी याचं चौथं कडवं चालूच. वडिलांचा हात लगेच उठायचा. घरात काही फुटलं की पट्टा निघायचा, आणि दोन फटके बसायच्या आत हा शेजारच्या मुलाचं नाव सांगून मोकळा व्हायचा. मग शेजारचा मुलगाही मार खायचा, आणि काच कुणी फोडली ते कुणालाच कळायचं नाही. आईची रीत निराळी. ती भिंतीकडे बघून म्हणायची, "एवढ्या उंचावरच्या बरणीला हात पोचवला म्हणजे कुणीतरी मोठं शूरच असलं पाहिजे बाई." की लगेच पलंगाखालून आवाज यायचा, "मीच." असा हा शूरवीर. तो पुढे पोलिसात गेला आणि वडिलांच्या पट्ट्याचा भक्त झाला. शहाणपण असं उफराटंच वाढतं काही माणसांत.

आता हा साहेब निलंबित होऊन घरात बसला होता, पेपर वाचत आणि चहात साखर कमी पडली म्हणून आईवर खेकसत.

झालं होतं ते असं. बस डेपोत बॉम्ब ठेवलाय असा एक निनावी फोन आला. ज्या फोनवरून आला तो काही दिवस आधी एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानात पडून होता. दुरुस्तीवाला म्हणजे कोपऱ्यावर टपरीएवढं दुकान, डोळ्याला भिंग लावून बारीक स्क्रू फिरवणारा माणूस. त्याला उचलून आणला. डेपो रिकामा केला, पण बॉम्ब सापडेना. मग साहेबांनी खोलीचं दार लावून घेतलं. साहेब बाहेर आला तेव्हा दुरुस्तीवाल्याचा उजवा हात मनगटापासून कामातून गेला होता, आणि कागदावर त्याची कबुली होती की बॉम्ब मीच ठेवला. बॉम्ब मात्र कुठेच नव्हता, ना तेव्हा, ना नंतर. तरी कबुली होती म्हणून माणूस तुरुंगात. ठेवलेला बॉम्ब नाही पण ठेवणारा आहे, असला चमत्कार फक्त सरकारी कागदावर होतो. हाताबद्दल साहेबांनी लेखी दिलं होतं की आरोपी जिन्यावरून पडला.

एका सकाळी तो बहिणीसमोर येऊन बसला. ती पेपर तपासत होती.

"ताई, लॉ कॉलेजात सेमिनार आहे. टिक टिक करणारा बॉम्ब. छळ करावा की करू नये. मी तुझं नाव सुचवलंय."

"कुठल्या बाजूनं?"

"करावा. म्हणजे अपवाद म्हणून. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. माझी चौकशीही तेच करतायत."

तिनं पेन खाली ठेवलं. जो माणूस चौकशी करतोय तोच त्या विषयावर अध्यक्ष होऊन बसणार, हे शोभतं का असं ना त्या कॉलेजात ना चौकशीच्या कचेरीत कुणाला वाटलं होतं. वाटायला आधी लाज असावी लागते.

"पण तू तर जिन्याचं लिहून दिलंयस," ती म्हणाली. "जिन्यावरून पडला असेल तर छळ झालाच नाही. मग अपवाद कशाला हवा?"

"अगं, जिना कचेरीत. सगळ्यांना माहीत आहे जिना नव्हता. पण जिना आहे असं मानायला मनाची तयारी लागते ना? ती तू करायची. हजार माणसं वाचवायला एकाचा हात पिरगाळला तर काय बिघडलं, एवढं न्यायाधीशांच्या डोक्यात बसलं की जिना आपोआप पटतो."

घरी बॉम्ब आणि कचेरीत जिना. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इथे चोराला बोंब मारायला भाड्याचं तोंड हवं होतं, आणि तेही सख्ख्या बहिणीचं. ती नाही म्हणणारच होती. इतक्यात आई आतून येऊन उंबऱ्याशी उभी राहिली. पदरानं हात पुसत राहिली. भावाची नोकरी गेली की क्वार्टर जाणार, हे त्या घरातल्या भांड्यांनाही ठाऊक होतं.

"बरं," ती म्हणाली. "पण मी काही विचारीन, त्याची खरी उत्तरं द्यायची. गृहीतकं कच्ची असली की मला बोलता येत नाही."

"विचार की."

"त्यालाच माहीत आहे, हे तुला कशावरून ठाऊक होतं?"

"फोन त्याच्याकडे होता ना."

"दुकानात दहा जणांचे असतात. पुढे. त्यानं सांगितलं काय?"

"जागा सांगितली. बोलला ताई, शेवटी बोललाच. सगळे बोलतात."

"कुठली जागा?"

"आधी म्हणाला तिकीट खिडकीमागे. तिथे काही नव्हतं. मग म्हणाला गॅरेज. तिथेही नव्हतं. मग पाण्याची टाकी."

"टाकीचं नाव त्यानं काढलं की तुम्ही?"

भावानं जरा आठवलं. "आम्हीच विचारलं, टाकीत आहे का? तेव्हा हो म्हणाला."

"आणि टाकीत?"

"पाणी," भाऊ म्हणाला. मग वैतागून म्हणाला, "पण असता तर?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. हा माणूस बॉम्बची माहिती काढत नव्हता. हा स्वतःच्याच मनातली जागा दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होता, आणि त्यासाठी त्या तोंडाचा हात मोडला होता. तिला किळस आली. आणि तरीही, कात्रीच ती, तिच्या डोक्यात मुद्दे जुळायला लागले होते. विषय अवघड, समोर न्यायाधीश, सभागृह भरलेलं. असल्या ठिकाणी बोलायला मिळणार म्हटल्यावर तिला मनातल्या मनात बरंच वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. ती नंतर वाटली.

त्या लॉ कॉलेजात वादाची एक रीत होती. कुणा जुन्या प्राचार्यानं घालून दिलेली, आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याची बाजू मांडायची, पूर्वपक्ष, आणि तोही असा की समोरचा उभा राहून म्हणेल, "हो, हीच माझी बाजू." तो तसं म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. त्यानं नाही म्हटलं तर दुरुस्त करायचं. त्यामुळे समोरच्याला वेडा ठरवून टाळ्या घ्यायची सोय राहत नसे, आणि बऱ्याच नामांकित वक्त्यांची त्या सभागृहात बोबडी वळलेली होती.

सेमिनारच्या दिवशी सभागृहात विद्यार्थी, वकील, आणि एका कडेला साध्या कपड्यांतले पण बूट न बदललेले पोलीस. भाऊ तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, वराचा बाप बसतो तसा. छळावरच्या संपूर्ण बंदीच्या बाजूनं एक तरुण वकील होता, किरकोळ, घसा सारखा खाकरणारा. त्याला बघून भावानं बहिणीला डोळ्यांनी खूण केली, हा काय टिकतोय.

आधी तिनं त्याचा पूर्वपक्ष मांडला. मांडला म्हणजे असा मांडला की तो बिचारा स्वतःच्या बाजूकडे नव्यानं बघू लागला.

"माझे मित्र म्हणतील," ती म्हणाली, "की ही गोष्टच बनावट आहे. हिच्यात बॉम्ब आहे हे नक्की, यालाच माहीत आहे हे नक्की, मारलं की खरंच बोलेल हेही नक्की. खऱ्या खोलीत यातलं एकही नक्की नसतं. तिथे फक्त मार नक्की असतो. मार खाणारा खरं सांगत नाही. मार थांबेल ते सांगतो. दुसरं, हे काम एका वेळेपुरतं होत नाही. मारणारा तयार ठेवावा लागतो, खोली ठेवावी लागते, किती मारलं तर मरणार नाही हे सांगणारा डॉक्टर ठेवावा लागतो. आणि ठेवलेला माणूस रिकामा बसत नाही. तिसरं, हिशेबच करायचा तर तो थांबतो कुठे? हा मारून बोलत नसेल आणि याच्या पोराला मारलं तर बोलत असेल, तर पोरालाही मारा. आकडा तेच सांगतो. पोराला नको म्हणत असाल तर तुम्हीच मान्य केलंत की काही गोष्टी आकड्यानं ठरत नाहीत. चौथं, लढाईत शत्रूला मारतात तो हातात शस्त्र घेऊन उभा असतो. हा खुर्चीला बांधलेला आहे. त्याचंच शरीर त्याच्यावर उलटवायचं आणि त्याच्याच मनाला फितवायचं, ही इजा नुसती इजा नाही. म्हणून बंदी अशी हवी की तिला दार नाही, युद्धात नाही आणि आणीबाणीतही नाही. दार ठेवलं की रांग लागते."

वकील उठला. "हो, हीच माझी बाजू," म्हणाला, आणि खाली बसताना पुटपुटला, "मला एवढं जमलं नसतं."

आता तिचा पूर्वपक्ष त्यानं मांडायचा. घसा खाकरून तो उभा राहिला. भाऊ खुशीत होता.

"बाई म्हणतील," वकील हळू आवाजात म्हणाला, "की मी कधीच मारणार नाही, हजार मेली तरी, असं म्हणणारा माणूस स्वतःचे हात स्वच्छ ठेवतो आणि किंमत दुसऱ्यांना मोजायला लावतो. मरू दिलेली माणसंही मेलेलीच असतात. आणि बॉम्ब ठेवणारा बांधलेला असला तरी त्याचा हल्ला चालूच आहे, कारण थांबवणं त्याच्याच जिभेवर आहे. हे मला खोडणं जड जातं, हे कबूल करतो. पण बाई इतक्यात भागवणार नाहीत, त्या तर्कशास्त्राच्या आहेत. म्हणून त्या अटी घालतील. बॉम्ब आहे याचा पुरावा हवा, नुसता फोन नव्हे. यालाच माहीत आहे याचा पुरावा हवा. डेपो असो की काहीही, रिकामं करून भागत असेल तर अपवाद नाही. सांगितलेलं लगेच तपासता यायला हवं, आणि उत्तर प्रश्नातच भरवलेलं नको."

सभागृहात कुणीतरी खोकलं. तिला डेपो हा शब्द ऐकून कळलं की या पोरानं वर्तमानपत्रं वाचली आहेत.

"आणि शेवटची अट," तो म्हणाला. "आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यायची म्हटलं तर छळाचं खातंच उघडतं, ते बाईंनाही नको असेल. तेव्हा कायद्यात बंदी तशीच राहील. जो मोडील तो स्वतः उठून येईल आणि म्हणेल, मी केलं, यासाठी केलं, आता मला तोला. ज्याला हजार माणसांसाठी दुसऱ्याचा हात मोडायचाय, त्यानं त्याच हजार माणसांसाठी स्वतःची नोकरी मोडायची तयारी ठेवावी. जो लपवतो त्याला स्वतःलाच आपला अपवाद पटलेला नसतो. ही तुमची बाजू आहे का, बाई?"

तिसऱ्या रांगेतून भाऊ मान हलवत होता. नाही म्हण, नाही म्हण. तिला दिसत होतं. नाही म्हणता आलं असतं. पण मग कुठली अट काढायची? पुरावा नको म्हणायचं? लपवलं तरी चालेल म्हणायचं? अटी काढल्या की उरतो तो नुसता पट्टा, आणि त्याची बाजू मांडायला तर्कशास्त्र लागत नाही, हात लागतो. जन्मभर तिनं दोन्ही बाजू घेतल्या होत्या, पण खोटी बाजू घेतली नव्हती. तेवढीच तिची अब्रू होती, आणि ती तिनं आजवर जपली होती.

"हो," ती म्हणाली. "हीच माझी बाजू."

मग ती बोलायला लागली. अपवादाच्या बाजूनंच बोलली, भावाला शब्द दिला होता. पहिली काही मिनिटं तर पोलिसांच्या रांगेतून टाळ्याही पडल्या. हजार माणसं, शाळेतून घरी निघालेली मुलं, हात बांधून बसलेला नीतिमान, सगळं तिनं उभं केलं. टाळी वाजली की भावाची छाती थोडी पुढे येत होती. ती ते बघत होती. आणि शेवटच्या अटीकडे वळताना तिच्या आवाजात जे आलं ते तिनं घरीच, भिंतीआडून, लहानपणी शंभरदा ऐकलेलं होतं.

"असा माणूस विरळा," ती सभागृहाच्या मागच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "भेकड माणसं जिने शोधतात. पण ज्यानं खरोखर हजारांसाठी केलं असेल, तो कशाला लपेल? तो मोठा शूरच असला पाहिजे. तो उठेल, छातीवर हात ठेवील आणि सांगेल. त्याला बघायला मी उभी राहीन. तुम्हीही राहाल."

टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तिसऱ्या रांगेतला माणूस उठून उभा राहिला.

"मी केलं," भाऊ म्हणाला. चेहरा उजळला होता त्याचा. "डेपोच्या वेळी मीच केलं. जिनाबिना काही नव्हता. कुणीतरी करावंच लागतं."

टाळ्या थांबल्या. ज्या पोलिसांनी आत्ता वाजवल्या होत्या ते आपापल्या बुटांकडे बघायला लागले. न्यायाधीश खुर्चीत पुढे सरकले.

"कबुलीत टाकी लिहिलीय. ती त्यानं सांगितली?" त्यांनी विचारलं.

"आम्ही विचारली, तो हो म्हणाला."

"काय निघालं?"

भावानं तोंड उघडलं. मग सभोवती बघितलं, टाळ्या कुठे गेल्या ते शोधत असल्यासारखं. "काही नाही," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याला आपण कुठे उभे आहोत ते कळलं. त्यानं बहिणीकडे बघितलं. ती उभीच होती, सांगितल्याप्रमाणे.

सर्वोत्तम वक्त्याचा चषक तिलाच दिला. आयोजकांना लाज नव्हती आणि चषक आधीच आणलेला होता. तिनं तो व्यासपीठावरच ठेवला आणि बाहेर पडली. टाळ्यांचा मोह तिलाही झाला होता, बोलता बोलता आपण जिंकतोय याचा आनंदही झाला होता, आणि एका माणसाचा हात मधे पडलेला असताना झाला होता. त्याबद्दल तिनं स्वतःला वाटेत ज्या शिव्या दिल्या त्या भावालाही कधी दिल्या नव्हत्या.

दोनशे कानांनी ऐकलेलं कुणाला जिन्याखाली ढकलता येईना. न्यायाधीशांनी चौकशी दुसऱ्याकडे सोपवली, पहिल्यांदाच शोभेसं वागले. कबुली रद्द झाली, दुरुस्तीवाला सुटला. बाई एकदा त्याच्या दुकानावरून गेली. तो डाव्या हातानं स्क्रू फिरवायला शिकत होता. स्क्रू सारखा निसटत होता आणि तो पुन्हा वाकून उचलत होता. तिला आत जायचं होतं, पण कुठल्या तोंडानं जायचं ते सुचलं नाही. ज्या बाईचं तोंडावाचून कधी अडलं नव्हतं तिचं तिथे अडलं. तशीच परतली.

भावाची नोकरी गेली, क्वार्टर गेलं. सामान बांधायच्या दिवशी आई भांडी कागदात गुंडाळत होती. भाऊ दारात बसून होता. बरेच दिवस तो बहिणीशी बोलला नव्हता.

"मुद्दाम केलंस ना," तो म्हणाला. "माझ्या तोंडून काढून घेतलंस. सख्ख्या भावाच्या."

"घेतलं," ती म्हणाली.

आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि लेकाकडे बघितलं. रागानं नाही, पण बघितलं.

"तुझ्या अंगाला बोट लावलं का रे तिनं?"

"नाही."

"आणि सांगितलंस ते खरं होतं का?"

आईनं दुसरं पातेलं घेतलं.